तीन उपकेंद्रांचा हिशेब

एका गावाला 60 मेगावॉट वीज हवी आहे आणि ती दोन वाटांनी येऊ शकते. एक वाहिनी थेट वीजकेंद्राकडून येते, दुसरी शेजारच्या उपकेंद्रावरून वळसा घेऊन. कोणत्या वाहिनीतून किती वीज जाईल? हे कोणी बसून ठरवत नाही. वाहिन्यांच्या गुणधर्मांनुसार वीज आपोआप वाटली जाते. ती वाटणी आधीच काढून ठेवण्याच्या गणिताला अभियंते ‘लोड फ्लो’ म्हणतात, आणि ते सुरू होते बस अ‍ॅडमिटन्स मॅट्रिक्सपासून, म्हणजेच ‘वाय-बस’पासून.

उपकेंद्रातल्या ज्या जाड दांड्यांना सगळ्या वाहिन्या येऊन मिळतात, त्या बसबार. आपल्या उदाहरणात 132 केव्हीच्या तीन बस आहेत. 1 वर वीजकेंद्र, 2 वर 50 मेगावॉट आणि 20 मेगाव्हार भार, 3 वर 60 मेगावॉट आणि 30 मेगाव्हार. 100 एमव्हीए हे एकक धरले, तर 1-2 या वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स 0.1, 1-3 चा 0.2 आणि 2-3 चा 0.25 आहे. सोपेपणासाठी वाहिन्यांचा रोध आणि चार्जिंग सोडून दिले आहे.

रिअ‍ॅक्टन्स म्हणजे अडथळा. अ‍ॅडमिटन्स त्याच्या उलट, म्हणजे वीज किती सहज जाऊ शकते ते सांगणारा आकडा. 0.1 उलटा केला की 10 येतो, 0.2 चा 5, 0.25 चा 4. त्यापुढचे j हे अक्षर प्रवाह व्होल्टेजच्या पाव आवर्तन पुढेमागे असल्याची खूण आहे. आता कर्णावर त्या बसला जोडलेल्या सर्व वाहिन्यांची बेरीज लिहायची, आणि इतर घरांत त्या दोन बसमधल्या वाहिनीचा आकडा उलट्या चिन्हाने.

```
     1      2      3
1  -j15    j10    j5
2   j10   -j14    j4
3   j5     j4    -j9
```

चूक झाली का, हे लगेच तपासता येते. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायला हवी. चार्जिंग धरले असते तर बेरीज शून्य न येता जमिनीकडे जाणाऱ्या फांद्यांएवढी उरली असती. चिन्ह चुकले किंवा एखादी वाहिनी एकाच घरात लिहिली गेली, तर ती चूक इथेच पकडली जाते.

मॅट्रिक्सला व्होल्टेजने गुणले की प्रत्येक बसमध्ये शिरणारा प्रवाह मिळतो. पण खरी अडचण इथेच आहे. ग्राहकाचा प्रवाह आपल्याला माहीत नसतो, माहीत असतात मेगावॉट. आणि मेगावॉटवरून प्रवाह काढायला व्होल्टेज लागते, जे आपण अजून शोधतोच आहोत. म्हणून अंदाज करायचा, उत्तर काढायचे, त्या उत्तरालाच नवा अंदाज मानून पुन्हा काढायचे. ही गाउस-सायडेल पद्धत. 1956 मध्ये वॉर्ड आणि हेल यांनी लोड फ्लो डिजिटल संगणकावर बसवला, तो अशाच फेऱ्यांच्या गणिताने. 1967 मध्ये टिनी आणि हार्ट यांनी न्यूटनची पद्धत व्यवहारात आणली. ती फार कमी फेऱ्यांत उत्तर देते, पण वाय-बस तिलाही लागतेच.

बस 1 चे व्होल्टेज 132 केव्हीवर पक्के धरू. हीच ‘स्लॅक’ बस, कारण हिशेबात उरलेली तूट तीच भरून काढते. सुरुवातीला बाकी दोन्ही बसही 132 वरच आहेत असे मानले. पहिल्या फेरीनंतर बस 3 वर 127.2 केव्ही येते, दुसऱ्या फेरीनंतर 125.7, आणि पाचव्या फेरीपर्यंत आकडा 125.1 च्या आसपास स्थिरावतो. बस 2 वर सुमारे 128 केव्ही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. बस 3 च्या 60 मेगावॉटपैकी साधारण 47 थेट वाहिनीतून येतात आणि 13 बस 2 वरून वळसा घेऊन. भारांची मागणी 50 मेगाव्हारची असताना वीजकेंद्राला मात्र जवळपास 62 मेगाव्हार द्यावे लागतात. वरचे 12 वाहिन्यांनीच खाल्ले.

समजा, थेट वाहिनी बंद पडली. मॅट्रिक्समधली फक्त चार घरे बदलतात: बस 1 चा कर्णावरचा आकडा -j10 होतो, बस 3 चा -j4, आणि दोघांमधल्या दोन घरांत शून्य येते. भार तेवढाच ठेवून गणित पुन्हा केले की बस 3 चे व्होल्टेज सुमारे 107 केव्हीवर घसरते. भारतीय ग्रिड संहितेत 132 केव्ही व्यवस्थेची खालची मर्यादा 122 केव्ही आहे. भार याहून बराच वाढवला तर फेऱ्यांमागून फेऱ्या होतात आणि आकडे स्थिरावतच नाहीत. अशा वेळी प्रोग्रॅम बिघडला असे समजण्याआधी ते जाळे तेवढा भार पेलू शकते का, हे पाहावे.

म्हणून या जाळ्यात 1-3 वाहिनी दुरुस्तीसाठी बंद करायची झाली, तर आधी बस 3 वरचा भार कमी करावा लागेल किंवा तिथे कपॅसिटर बँक बसवावी लागेल. शिवाय 1-2 वाहिनीवर तेव्हा पूर्ण 110 मेगावॉट येणार आहेत, ते तिला झेपतात का, हेही तपासावे लागेल.