नव्वद दिवसांचा बेरोजगारी भत्ता : ईएसआयमधली विस्मृतीत गेलेली सोय

पगाराच्या स्लिपवर ईएसआयच्या नावाने एक छोटीशी कपात असते. महिना अठरा हजार पगार असेल, तर ती १३५ रुपये भरते, म्हणजे पाऊण टक्का. मालक त्यात आपले ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये घालतो. या पैशातून दवाखाना मिळतो, आजारपणाचा भत्ता मिळतो, एवढे बहुतेक कामगारांना ठाऊक असते. पण याच कपातीवर नोकरी गेल्यानंतर जास्तीत जास्त नव्वद दिवस रोख पैसे मिळू शकतात, हे कारखान्यात वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. नवे काम शोधायला साधारण तेवढाच काळ लागतो. म्हणूनच ही सोय माहीत असणे मला फार मोलाचे वाटते.

तिचे नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने ती १ जुलै २०१८ पासून लागू केली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळे आणि तीही बेकारीचे नव्वद दिवस उलटल्यावर. घरात चूल पेटायला हवी त्या काळात हात रिकामेच राहत. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत लाखोंचे काम सुटले, तेव्हा हा दर ५० टक्क्यांवर नेला गेला आणि थांबण्याची मुदत तीस दिवसांवर आली. ती सवलत पुढेही चालू ठेवली गेली. योजना मात्र मुदतीची आहे आणि तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. म्हणून अर्ज करण्याआधी जवळच्या शाखा कार्यालयात सध्याची मुदत विचारून घ्यावी.

पात्रता कळण्यासाठी महामंडळाचे वर्ष समजून घ्यावे लागते. तिथे वर्षाचे दोन भाग आहेत : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येक भागाला अंशदान कालावधी म्हणतात. नोकरी जाण्याच्या लगत आधी किमान दोन वर्षे विमा लागू असलेल्या कामावर असायला हवे. शेवटच्या पूर्ण अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात तरी आणखी ७८ दिवसांची. ज्याने नेटाने काम केले आहे त्याला ७८ दिवसांची अट जड जात नाही. अडचण होते ती नोंदींमुळे.

आता रकमेचे गणित एका उदाहरणातून पाहू. चाकणच्या एका कारखान्यातला कामगार डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला कामावरून कमी झाला असे धरा. त्याचे मागचे चार पूर्ण कालावधी ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२५ या दोन वर्षांचे. पहिले वर्ष पगार सोळा हजार, दुसरे वर्ष अठरा हजार. एकूण कमाई ४,०८,००० रुपये. तिला ७३० ने भागले की रोजचे सुमारे ५५९ रुपये येतात. त्याचे निम्मे २७९ रुपये ४५ पैसे. नव्वद दिवसांचे साधारण २५,१५० रुपये. पगाराची जागा ही रक्कम घेत नाही, पण घरभाडे, किराणा आणि मुलाखतीला जाण्या-येण्याचा खर्च यातून निघू शकतो.

भाजक मात्र नेहमी ७३० राहतो, आणि बहुतेकांना इथलीच गोष्ट ठाऊक नसते. मालकाने मध्येच दोन महिन्यांची वर्गणी भरली नाही आणि ते ३६,००० रुपये नोंदीतच आले नाहीत, तर एकूण कमाई ३,७२,००० धरली जाते आणि नव्वद दिवसांची रक्कम जवळपास २२,९३० वर येते. सुमारे बावीसशे रुपयांचा फटका बसतो, तोही कामगाराच्या हजेरीत काही खोट नसताना. म्हणून नोकरी चालू असतानाच esic.gov.in वर विमाधारक म्हणून लॉगिन करून महिनावार वर्गणी पाहावी. कपात झाली पण नोंद नाही, असे दिसले तर तेव्हाच तक्रार करावी. नोकरी गेल्यावर तेच काम पाचपट अवघड होते.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांच्या बाबतीत दुसरी गफलत होते. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि तो आयुष्यभर एकच असायला हवा. पण नवा ठेकेदार आला की घाईत नवा क्रमांक काढतो. मग चार वर्षे काम केलेला माणूस नोंदीत दोन माणसांसारखा दिसतो आणि कुणाचीच दोन वर्षे भरत नाहीत. प्रत्येक नव्या कामावर जुनाच क्रमांक आग्रहाने द्यावा, आणि दोन झालेच असतील तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज करून एकत्र करून घ्यावेत.

पण सगळ्यात महाग पडणारी चूक आहे ती सहीची. कामगाराला कमी करायचे असते तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्यासमोर टाइप केलेला राजीनामा ठेवतात आणि सही केली की हिशेब लवकर मिळेल असे सांगतात. स्वतःहून काम सोडणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला किंवा मुदतपूर्व निवृत्ती घेतलेल्यालाही नाही. मालक महिन्याच्या वर्गणीत शून्य दिवस दाखवताना कारण निवडतो. त्या यादीत ‘Left Service’ असते आणि ‘Retrenchment’ही असते. कामावरून कमी केल्याचे पत्र हातात असेल, तर चुकीच्या कारणाविरुद्ध दाद मागता येते. राजीनाम्यावर सही झाली की दाद मागायला आधारच उरत नाही. शेवटचा कामाचा दिवस भरला गेला आहे ना, हेही विचारावे, कारण तो कोरा असेल तर नोंदीत माणूस अजून कामावरच दिसतो.

अर्ज संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमधून होतो आणि त्याचा नमुना AB-1. आधार आणि बँक खाते विमा नोंदीशी आधीच जोडलेले असावे, कारण पैसे थेट खात्यात येतात. पुढच्या तारखांसाठी आगाऊ मागणी करता येत नाही, झालेल्या दिवसांचीच करता येते. म्हणून पहिला महिना या पैशांवर अवलंबून ठेवू नये. तो शेवटचा पगार, साठलेल्या रजेचे पैसे आणि नोटिशीचा मोबदला यांवर काढावा.

कारखानाच बंद पडला असेल किंवा औद्योगिक कायद्याखाली कामगार कपात झाली असेल, तर २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आधी तपासावी. तिची मदत नव्वद दिवसांहून बरीच जास्त काळ चालते. दोन्ही योजनांचा लाभ एकाच काळासाठी मात्र घेता येत नाही.

एकवीस हजारांच्या वर पगार गेलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. पगार मध्येच वाढला तर विमा त्या अंशदान कालावधीच्या शेवटापर्यंत चालतो, आणि मग माणूस बाहेर पडतो. त्यानंतर नोकरी गेली तर हा मार्ग बंद असतो, भले आधी दहा वर्षे कपात झालेली असो.

नवे काम नव्वद दिवसांच्या आत मिळाले, तर नोकरी गेल्यापासून रुजू होईपर्यंतच्या दिवसांचेच पैसे मिळतात. वरच्या उदाहरणातला कामगार बासष्ट दिवसांनी रुजू झाला, तर सुमारे १७,३२५ रुपये. पगार घेत असताना ‘मी बेकार आहे’ असे लिहून देऊ नये, कारण ते खोटे विधान ठरते आणि नव्या मालकाच्या पहिल्याच वर्गणीत त्याच विमा क्रमांकावर उघडे पडते. ही मदत आयुष्यात एकदाच मिळते. म्हणून दहा-पंधरा दिवसांत काम लागण्याची खात्री असेल, तर ती मागावी की पुढच्यासाठी राखून ठेवावी, याचा विचार अर्ज करण्यापूर्वी करावा.