निसटत्या मेनूचे चित्र कसे घ्यावे?

शाळेतील संगणकावर एखादे काम कसे करावे, हे सहकारी शिक्षकांना समजावून देण्यासाठी आपण सूचनापत्रक तयार करतो. अशा पत्रकात पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, जोडले असता दहा ओळींचे काम एका चित्राने होते. परंतु उजवी कळ दाबल्यावर उघडणाऱ्या मेनूचे चित्र घ्यावयास जावे, तर तो मेनूच मिटून जातो, असा अनेकांचा अनुभव आहे. त्यावरील उपाय एका उदाहरणाच्या आधारे येथे सांगावयाचा आहे.

विद्यार्थ्यांच्या नावांचा एक्सेलमधील तक्ता घ्या. बाराव्या ओळीतील नोंद चुकीची आहे आणि ती पुसून त्याच जागी नवी नोंद करावयाची आहे. डावीकडील १२ या ओळक्रमांकावर माउसची उजवी कळ दाबली की जो मेनू उघडतो, त्यात `Insert`, `Delete` आणि `Clear Contents` हे तीन पर्याय लागोपाठ येतात. `Clear Contents` निवडल्यास ओळीतील मजकूर पुसला जातो, पण ओळ जागेवर राहते. `Delete` निवडल्यास मात्र सबंध ओळच नाहीशी होते व खालच्या सर्व ओळी एकेक पायरी वर सरकतात. मग कागदी नोंदवही व तक्ता यांचा मेळ राहत नाही. एकमेकांस लागून असलेल्या या दोन शब्दांतील भेद नुसत्या वर्णनाने लक्षात राहणे कठीण. येथे चित्रच हवे.

मेनू मिटतो का, हे प्रथम समजून घ्यावे. उघडा असेपर्यंत तो माउसच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष ठेवून असतो. त्याच्या बाहेर कोठेही कळ दाबली, तर ‘आता माझे काम नाही’ असा अर्थ घेऊन तो मिटतो. चित्र घेण्याच्या साधनातील बटण मेनूच्या बाहेरच असल्यामुळे ते दाबताक्षणी मेनू नाहीसा होतो. कळफलकावरील प्रिंट स्क्रीनची कळ काही मेनूंत उपयोगी पडते, परंतु काहींत पडत नाही. म्हणून बटण आधी दाबून मेनू मागाहून उघडणे, हाच खात्रीचा मार्ग होय. विलंबाची सोय नेमकी याचसाठी असते.

विंडोज ११ मध्ये हे काम `Snipping Tool` या साधनाने होते. प्रथम एक्सेलचा तक्ता उघडून तयार ठेवावा. नंतर `Snipping Tool` उघडून चित्राचा प्रकार म्हणून संपूर्ण पडदा निवडावा. घड्याळाच्या चिन्हावर ३, ५ व १० सेकंद असे विलंबाचे पर्याय मिळतात. त्यांपैकी ५ सेकंदांचा घ्यावा. जुन्या विंडोजमध्ये हे आकडे थोडे निराळे आढळतील. आता `New` हे बटण दाबून लागलीच तक्त्याकडे वळावे, १२ या क्रमांकावर उजवी कळ दाबावी आणि माउसचा बाण `Clear Contents` या शब्दांवर नेऊन स्थिर ठेवावा. येथून पुढे कोणतीही कळ दाबू नये. बाण वर असेपर्यंत तो पर्याय निराळ्या रंगाने उठून दिसतो. सामान्यतः चित्रात बाण उमटत नाही. वाचकास कोठे पाहावयाचे हे त्या रंगावरूनच कळते. वेळ संपली की चित्र आपोआप घेतले जाते.

चित्र फसले असेल, तर त्याचे कारण चित्रच सांगते. मेनू मुळीच दिसत नसून केवळ बारावी ओळ निवडलेली दिसत असेल, तर मेनू उघडून मिटला. म्हणजे वाट पाहताना एखादी कळ दाबली गेली. ओळही निवडलेली नसेल, तर वेळ अपुरी पडली. तेव्हा १० सेकंदांचा विलंब घ्यावा. मेनू क्रमांकाच्या खाली न उघडता वर उघडला असेल, तर ओळ पडद्याच्या तळाशी होती असे समजावे व तक्ता सरकवून तीच ओळ वरच्या अर्ध्या भागात आणावी.

आता छाटणीविषयी. अनेक संगणकांच्या पडद्याची रुंदी १३६६ पिक्सेल असते. सबंध पडद्याचे चित्र कागदावर १६ सेंटिमीटर रुंदीत छापले, तर मेनूतील अक्षरांची उंची जेमतेम एक मिलिमीटर भरते आणि छायाप्रतीत ती वाचता येत नाहीत. त्याऐवजी मेनूभोवतीचा सुमारे ३२० पिक्सेल रुंदीचा भाग ठेवून तो ८ सेंटिमीटरांत छापल्यास कागद निम्मा लागतो आणि अक्षरे मात्र दुपटीहून थोडी मोठी होतात.

छाटताना डावीकडे ११, १२, १३ हे ओळक्रमांक अवश्य राहू द्यावे. नाहीतर मेनू कोठून उघडला, हे वाचकास उमगणार नाही. उजवीकडे व खाली मेनूच्या कडेपासून बोटभरही नव्हे, तर दहाएक पिक्सेल जागा सोडून थांबावे. एक्सेल मेनूसोबत अक्षरांच्या आकाराची एक छोटी पट्टीही दाखवते. ती आपल्या कामाची नसल्याने काढून टाकावी. मेनूचे वरचे व खालचे पर्याय मात्र कापू नयेत. पत्रक पाहणाऱ्याच्या पडद्यावर संपूर्ण मेनू असणार आणि त्यात तो आपला शब्द जागेवरून शोधणार, हे ध्यानात असावे. चित्र पीएनजी प्रकारात साठवावे. जेपीईजी प्रकारात अक्षरांच्या कडा धूसर होतात.

छाटणीचा आणखी एक हेतू आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. मेनूच्या मागे मुलांची नावे, जन्मतारखा व कदाचित आधार क्रमांकही असतात. चित्र छाटल्याने ते दिसेनासे झाले, म्हणजे नष्ट झाले, असे मात्र समजू नये. विंडोज ११ मूळ, न छाटलेले चित्र बहुधा `Pictures` मधील `Screenshots` या फोल्डरात आपोआप साठवून ठेवते. वर्डमध्ये चित्र छाटले, तर कापलेला भाग दस्तऐवजात तसाच दडून राहतो व पुढे कोणीही तो पुन्हा उघड करू शकतो. तो खरोखर काढण्यासाठी `Compress Pictures` मध्ये जाऊन `Delete cropped areas of pictures` हा पर्याय निवडावा लागतो. २०२३ साली तर विंडोज ११ च्या या `Snipping Tool` मध्येच असा दोष आढळला होता की, छाटलेले चित्र मूळ फाइलीवरच साठवले असता कापलेल्या भागातील काही माहिती फाइलीच्या शेवटी शिल्लक राहत असे. त्याच वर्षी मार्चमध्ये तो दूर करण्यात आला. तथापि त्यापूर्वी अशा रीतीने साठवलेल्या फाइली आपोआप सुधारल्या गेल्या नाहीत.

यास्तव चित्रासाठी खरा तक्ता न वापरता ‘विद्यार्थी १’, ‘विद्यार्थी २’ अशा नावांचा वीस ओळींचा निराळा तक्ता करावा. मेनू तोच उघडतो, पर्यायही तेच दिसतात, आणि पत्रक केंद्रातील कोणत्याही शाळेत गेले तरी त्याबरोबर कोणा मुलाची माहिती जात नाही.