बाजार पडायच्या आधी घरात लिहून ठेवायचा एक कागद

व्हिडिओत मी गुंतवणूक धोरणाच्या कागदाबद्दल बोललो होतो. इंग्रजी नाव मोठं आहे, इन्व्हेस्टमेंट पॉलिसी स्टेटमेंट, पण काम साधं आहे: पैसा कशासाठी, किती तोटा चालेल आणि तेव्हा काय करायचं, हे डोकं थंड असताना लिहून ठेवायचं. आज तो कागद आकड्यांसकट भरूया.

समजा गोंदियातलं एक किराणा दुकानदार कुटुंब आहे. दुकानाचं भांडवल सोडून त्यांची बचत 10 लाख. हे "सोडून" महत्त्वाचं. आपल्याकडे धान विकलं की गिऱ्हाईक उधारी चुकवतं, रोवणीच्या दिवसांत तीच उधारी पुन्हा वाढते. गल्ल्यातला पैसा म्हणजे मालाचा पैसा, तो या कागदावर येतच नाही.

आता उद्दिष्टं. सहा महिन्यांचा घरखर्च दीड लाख, मुलीची फी तीन वर्षांनी अडीच लाख. हे चार लाख एफडीत, शेअरला हात नाही. उरलेले सहा लाख पंधरा वर्षांसाठी.

मग जोखमीची मर्यादा. "किती परतावा पाहिजे?" हा प्रश्न नंतर. आधी नवरा-बायकोने समोरासमोर बसून ठरवायचं की कागदावर किती रक्कम कमी झालेली दिसली तरी झोप लागेल. हे म्हणाले, दोन लाख. शेअर बाजार अर्धा होऊ शकतो, 2008 मध्ये त्याहूनही जास्त पडला होता. म्हणून इंडेक्स फंडात जास्तीत जास्त चार लाख, म्हणजे एकूण बचतीच्या 40 टक्के. बाकीचे दोन लाख एफडीतच.

नियम एकच लिहिला: फंडाचा वाटा 30 टक्क्यांखाली गेला किंवा 50 च्या वर गेला, तर पुन्हा 40 वर आणायचा.

हा नियम मार्च 2020 ला लावून बघा. जानेवारीत 42 हजारांजवळ असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजारांखाली बंद झाला. चार लाखांचे झाले साधारण अडीच, एकूण साडेआठ, वाटा 29 टक्के. भीती म्हणते विका. कागद म्हणतो, दीर्घ मुदतीच्या एफडीतून 90 हजार काढून फंडात टाका. मुदतीआधी मोडली म्हणून थोडं व्याज कापलं जाईल, ते चालेल. फीच्या आणि घरखर्चाच्या पैशाला मात्र हात लावायचा नाही. त्याच वर्षअखेर सेन्सेक्स 47 हजारांवर होता. दरवेळी इतक्या लवकर सावरेल असं नाही, 2008 नंतर वाट बघावी लागली होती. म्हणून तर चार लाख आधी बाजूला ठेवले.

गडबड कुठे होते सांगू? बाजार चढलेला असताना लोक मर्यादा ठरवतात, तेव्हा सगळेच शूर असतात. दोन लाख म्हणणाऱ्याचे पन्नास हजार कमी झाले आणि तो दिवसातून चारदा मोबाईल बघायला लागला, तर खरी मर्यादा तेवढीच समजा. पण त्या आठवड्यात कागद बदलू नका. बदल वर्षातून एकदाच, दिवाळी पाडव्याला नव्या वहीसोबत, दोघांच्या सह्यांनी.

भावजींनी सांगितलेली "खास" स्कीम? तिलाही सात दिवस थांबवायचं आणि दोन सह्या लागतील, हेही लिहा. कागदाची एक प्रत कपाटात, एक बायकोकडे.