‘दहा दिवसांत दोन टक्के’ म्हणजे नेमके किती?

भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याने चाकणच्या कंपनीला सुटे भाग पाठवले, तर त्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत साधारण असा मजकूर असतो : ‘पेमेंट मुदत ३० दिवस. विलंब झाल्यास द. सा. १८ टक्के व्याज आकारण्यात येईल. १० दिवसांच्या आत पेमेंट केल्यास बिलावर २ टक्के सी. डी. देण्यात येईल. सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात.’

सी. डी. म्हणजे कॅश डिस्काउंट, लवकर पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट. कारखानदाराला पैसा लवकर हवा आहे, त्यासाठी तो पदरचे दोन टक्के सोडायलाही तयार आहे. तरीही तिसाव्या दिवसाच्या आधी कुणी पैसे देत नाही, आणि ‘पार्टीला सी. डी.त रसच नाही’ असे म्हणून तो विषय सोडून देतो. पण बिल हातात घेणाऱ्या माणसाला त्या मजकुरातून काय कळते, ते आधी पाहू.

समजा, बिल १० नोव्हेंबर २०२५ चे आहे. मालाची किंमत १,५०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २७,००० रुपये, एकूण १,७७,०००. कंपनीच्या अकाउंट्स विभागातल्या कारकुनापुढे अशी बिले गठ्ठ्याने येतात. ‘१० दिवसांच्या आत’ वाचल्यावर त्याच्यापुढे पहिला प्रश्न, दहा दिवस कधीपासून? बिलाच्या तारखेपासून, माल गेटवर आला तेव्हापासून, की तपासणी होऊन माल स्वीकारला तेव्हापासून? या तिन्हींत सहज आठवड्याचे अंतर पडते. दुसरा प्रश्न, दोन टक्के कशावर? मूळ किमतीवर धरले तर ३,००० रुपये होतात, एकूण बिलावर धरले तर ३,५४०. तिसरा प्रश्न, पैसे दिले असे कधी मानायचे? चेक लिहिला तेव्हा, की तो वटून खात्यात जमा झाला तेव्हा? एवढे विचारायला फोन कोण करणार? कारकून ते बिल तीस दिवसांच्या फायलीत लावतो आणि पुढचे घेतो.

म्हणजे अडचण सूट कमी असल्याची नाही. जो हिशेब लिहिणाऱ्याने करायचा, तो वाचणाऱ्यावर टाकलेला आहे. तो हिशेब आधीच करून दिला, तर तोच प्रस्ताव असा दिसतो :

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवारपर्यंत भरल्यास : ₹ १,७४,००० (₹ ३,००० वाचतील)
२१ नोव्हेंबर ते १० डिसेंबर २०२५ : ₹ १,७७,००० (पूर्ण रक्कम)
सूट जीएसटीपूर्व रकमेवर २ टक्के. रक्कम त्या तारखेला आमच्या खात्यात जमा झालेली असावी. सुटीची क्रेडिट नोट पैसे जमा झाल्यावर पाठवू.

अटी होत्या त्याच आहेत, पण दिवसांच्या जागी तारीख आणि वार आला, टक्क्यांच्या जागी रुपये आले. भरायची रक्कम आयती लिहिलेली असल्याने कारकुनाला वजाबाकीही करावी लागत नाही. पुष्कळ कंपन्यांत पैसे ठरावीक वारीच सुटतात. वार लिहिलेला असला की आपले बिल या आठवड्याच्या यादीत घ्यायचे की पुढच्या, हे त्याला तिथल्या तिथे कळते. ‘खात्यात जमा’ या शब्दांनी चेकचा वाद मिटतो. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतात, त्यामुळे मुदतीची तारीख रविवारी आली तरी अट पाळता येते.

जागाही महत्त्वाची आहे. या दोन ओळी एकूण रकमेच्या लगेच खाली हव्यात, कारण बिल तपासणाऱ्याची नजर तिथेच थांबते. व्याजाची आणि न्यायालयाची वाक्ये तळाशीच राहू द्यावीत. धमकी आणि सवलत शेजारी बसली की सवलतही कायदेशीर मजकूर वाटून नजरेआड होते. बिल ईमेलने जाणार असेल तर विषयाच्या ओळीतच लिहावे : ‘बिल क्र. ११८ : २० नोव्हेंबरपर्यंत ₹ १,७४,००० भरा, ₹ ३,००० वाचवा’.

सूट ३,५४० लिहिली असती तर जास्त आकर्षक दिसली असती, असे कुणाला वाटेल. पण जीएसटीसह सूट दिली की खरेदीदाराला वरच्या ५४० रुपयांचे घेतलेले टॅक्स क्रेडिट परत करावे लागते, त्यामुळे त्याची खरी बचत ३,०००च राहते. जीएसटीला हात न लावता साधी व्यापारी क्रेडिट नोट दिली, तर आकडा खरा राहतो आणि दोघांचेही काम कमी होते. आपल्या बिलांना कोणती पद्धत लागू करायची, ते मात्र सीएला एकदा विचारून ठरवावे.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण खरेदीदार वीस दिवस आधी १,७४,००० रुपये देऊन ३,००० वाचवतो. हेच पैसे त्याने १२ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटमधून उचलले, तरी वीस दिवसांचे व्याज सुमारे १,१५० रुपये होते. म्हणजे कर्ज काढून पैसे दिले तरी १,८५० रुपये त्याच्या खिशात राहतात. मोठ्या पार्टीशी फोनवर बोलताना एवढेच सांगावे. वर्षाचा दर काढला तर तो ३१ टक्क्यांच्या पुढे जातो. पण तो आकडा बिलावर घालू नये, कारण तो पाहिला की वाचणारा पुन्हा हिशेबात अडकतो.

तो आकडा विक्रेत्याने स्वतःसाठी मात्र जरूर मांडावा. जी पार्टी तिसाव्या दिवशी चोख पैसे देते, तिला ही सूट देणे म्हणजे ३१ टक्क्यांनी पैसे उचलण्यासारखे आहे. त्यापेक्षा बँक स्वस्त. जी पार्टी प्रत्यक्षात ७५ दिवस लावते, तिचे पैसे दहाव्या दिवशी आले तर हाच खर्च वर्षाला साडेनऊ-दहा टक्क्यांवर येतो. तिथे सूट परवडते. म्हणून सी. डी. सरसकट प्रत्येक बिलावर छापू नये.

मजकूर जमला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती बिल द्यावे आणि विचारावे : किती भरायचे, कधीपर्यंत, वाचतील किती? त्याने कॅलेंडर किंवा कॅल्क्युलेटर मागितला, तर ओळ पुन्हा लिहावी. नेमके इथेच बरेच जण अडखळतात, कारण तळाचा मजकूर साच्यात कायमचा टाकलेला असतो आणि तारीख दर बिलाला बदलते. सॉफ्टवेअर तारीख आपोआप काढत नसेल, तर ती दर वेळी हाताने टाकावी. माल आज आणि बिल चार दिवसांनी असा प्रकार होत असेल, तर तारीखही चार दिवस पुढे न्यावी. बिल पोचेपर्यंत निम्मी मुदत संपलेली दिसली, तर पार्टी पुढचे वाचणारच नाही.

आणि २८ नोव्हेंबरला १,७४,००० रुपयेच जमा झाले तर? असे हमखास होते. त्याच दिवशी सभ्य भाषेत कळवावे की सुटीची मुदत २० तारखेला संपली आहे, ३,००० रुपये बाकी आहेत. एकदा सोडले, की त्या पार्टीपुरती बिलावरची तारीख निरुपयोगी झाली. पुढच्या बिलाला ती दोन टक्के कापूनच पैसे पाठवणार, तेही तिच्या सवडीने.