बगळ्याचं फूल आणि चमच्यासारखं नख

आकाशातून बगळ्यांची रांग जाऊ लागली की आम्ही मुलं नखांवर नखं घासत त्यांच्याकडे फुलं मागायचो. नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्याने फूल दिलं म्हणायचं. मोठेपणी त्याच ठिपक्याला लोक ‘कॅल्शियमची कमतरता’ म्हणतात आणि औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. एखाद-दुसऱ्या नखावरचा असा ठिपका बहुधा माराचा असतो. दारात बोट चेमटलं, टेबलावर नख आपटलं, सवयीने नखाच्या कडेची कातडी ओढली, एवढंही त्याला पुरतं. नख तयार होतं त्वचेच्या घडीखाली लपलेल्या मुळाशी. तिथे धक्का बसला की तेवढा भाग नीट घडत नाही आणि पांढरा दिसतो.

मार आठवत नाही, कारण ठिपका दिसेपर्यंत बरेच दिवस उलटलेले असतात. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. म्हणजे त्वचेच्या कडेपासून 6 मिलिमीटरवर ठिपका असेल, तर दुखापत दोनेक महिन्यांपूर्वीची. त्याच्याशेजारी बॉलपेनने खूण करून काही होत नाही, ती पुसून जाते. त्यापेक्षा फोनवर एक फोटो काढून ठेवा आणि महिन्याने पुन्हा काढा. ठिपका टोकाकडे सरकला असेल तर काळजीचं कारण नाही, तो नखाबरोबर कापला जाईल.

मुळापासून टोकापर्यंत जाणाऱ्या उभ्या रेषा तर वयाच्या खुणा आहेत. चाळिशी-पन्नाशीनंतर त्या बहुतेकांना दिसतात, जशा डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. त्यांच्यासाठी कोणतंही टॉनिक घ्यायची गरज नाही. मात्र एकाच नखावर नवी काळी-तपकिरी उभी पट्टी उमटली किंवा ती रुंद होऊ लागली, तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. क्वचित तो कर्करोग असू शकतो.

मला खरी काळजी वाटते ती चमच्यासारख्या नखाची, कारण त्याच्याकडे कुणी पाहतच नाही. निरोगी नख मध्ये किंचित फुगीर असतं. लोहाच्या दीर्घ कमतरतेत ते पातळ होतं, आधी सपाट पडतं, मग मध्ये खोलगट होऊन कडा वर येतात. हात टेबलावर ठेवून नखावर पाण्याचा एक थेंब सोडा. ओघळून न जाता तो वाटीत बसल्यासारखा थांबला, तर रक्त तपासायला हवं. लहान बाळांच्या पायाची नखं मऊ असल्याने अशी दिसतात, ती पुढे आपोआप सुधारतात. आणि उलटही खरं आहे. लोह कमी असलेल्या बहुतेकांची नखं नेहमीसारखीच असतात, म्हणून नख चांगलं दिसतं एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

समजा, 36 वर्षांच्या एका बाईंना पाळीत आठ दिवस रक्तस्राव होतो, जिना चढताना धाप लागते आणि अंगठ्याचं नख खोलगट झालं आहे. तपासणीत हिमोग्लोबिन 8.4 येतं. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते किमान 12 हवं. शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन येतं 6. पंधराच्या खाली साठा संपल्यातच जमा. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात आणि जास्त रक्तस्रावाचं कारणही शोधतात, कारण गळकी घागर नुसती भरून उपयोग नसतो. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू-पाण्याबरोबर घेतलेली बरी. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. महिन्याभरात धाप कमी होते, आणि नेमकी इथेच चूक घडते. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद होतात. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. नख मात्र सावकाश बोलतं. मुळापासून निघालेला सुदृढ भाग टोकाला पोचायला पाच-सहा महिने लागतात.

बुरशीची गोष्ट वेगळी. ती बहुधा टोकाकडून किंवा कडेने शिरते. नख पिवळट-पांढरं, जाड, ठिसूळ होतं आणि त्याखाली भुगा साचतो. सतत ओल्या राहणाऱ्या हातांना आणि बंद बुटातल्या पायांना तिचा धोका अधिक. पण जाड-वेडं झालेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. सोरायसिस किंवा जुन्या मारानेही ते तसंच दिसतं. म्हणून नखाचा खरवडलेला भुगा प्रयोगशाळेत तपासूनच औषध सुरू करावं. पोटात घ्यायचं औषध हाताच्या नखासाठी सहसा सहा आठवडे आणि पायाच्या नखासाठी बारा आठवडे चालतं. यकृतावर त्याचा परिणाम होऊ शकतो, तेव्हा ते शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नये.

डॉक्टरांकडे जाताना नेलपॉलिश पुसून जा, आणि दहाही बोटं दाखवा.