एका अपडेटने पाडलेली ॲप

मार्च 2021 मधल्या एका रात्री जगभरच्या अँड्रॉइड फोनवर जीमेल उघडताक्षणी बंद पडू लागलं. ‘ॲप सतत बंद पडत आहे’ अशी चौकट यायची, ती घालवावी तर पुन्हा हजर. पाठोपाठ याहू मेल आणि इतर काही ॲपही कोसळू लागली.

लोकांनी जीमेल काढून पुन्हा टाकलं, त्याची कॅशे पुसली. उपयोग शून्य! कारण बिघाड जीमेलमध्ये नव्हताच.

अनेक ॲप स्वतःच्या आत वेबपान दाखवण्यासाठी फोनमधल्या एकाच सामाईक घटकावर विसंबतात. त्याचं नाव Android System WebView. गूगलने त्यात बिघाड झाल्याचं मान्य केलं आणि दुरुस्त आवृत्ती प्ले स्टोअरवर आणली. वेबव्ह्यू आणि क्रोम दोन्ही अपडेट केले की ॲप पुन्हा चालू. तोवर अनेकांनी सेटिंग्जमधून वेबव्ह्यूचे अपडेट काढून वेळ मारून नेली होती.

म्हणून आधी मोजावं: एकच ॲप पडतंय की एकदम चार-पाच? एकच असेल, तर सेटिंग्जमध्ये त्याच्या स्टोरेजमध्ये जाऊन कॅशे पुसावी. शेजारचं ‘डेटा पुसा’ मात्र जपून. त्याने लॉगिन आणि फोनवरच साठवलेली माहितीही जाते. अनेक असतील, तर संशय वेबव्ह्यूवर.

आणि अपडेट नुसतंच अडकून राहिलं, तर स्टोरेज बघावं. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी फोन गच्च भरला असेल, तर दुरुस्तीलाही जागा उरत नाही.