अक्षरांखालचं चित्र शेजारच्या फ्रेममध्ये शोधा

जुन्या मराठी चित्रपटावर लेख छापायचा म्हटला की सोबत त्यातलं एखादं दृश्य हवं असतं. मूळ छायाचित्र सहसा हाती लागत नाही. मिळते ती इंग्रजी सबटायटल्स असलेली व्हिडिओ प्रत. तिच्यातून हवी ती फ्रेम काढावी, तर खालच्या बाजूला दोन ओळी पांढरी अक्षरं. मग कोणीतरी त्यांच्यावरून दुरुस्तीचा ब्रश फिरवतं. अक्षरं जातात, पण त्यांच्या जागी ओला बोळा फिरवल्यासारखा पुसट पट्टा उरतो. छापल्यावर तो अक्षरांपेक्षा जास्त खटकतो.

हा डाग का पडतो, हे समजून घेतलं तर तो टाळता येतो. सबटायटल चित्रातच छापलेलं असेल, तर त्या जागचे मूळ ठिपके त्या फ्रेममध्ये उरलेलेच नसतात. दुरुस्तीचा ब्रश आजूबाजूचे रंग घेऊन भोक बुजवतो. पण अक्षराची कड आपल्याला दिसते तिथे संपत नाही. पांढऱ्या अक्षराला बहुधा काळी किनार असते. शिवाय व्हिडिओ लहान आकारात साठवताना चित्राचे चौकोनी तुकडे पाडले जातात, त्यामुळे अक्षराभोवती काही पिक्सेलपर्यंत करड्या ठिपक्यांची गर्दी होते. आपण फक्त अक्षर निवडतो, ब्रश शेजारचा तो मळ उचलतो आणि आत पसरवतो. डाग तिथूनच येतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की ब्रश सगळ्यात शेवटी हातात घ्यावा. अक्षरांमागे काय होतं, ते त्याच व्हिडिओच्या अलीकडच्या-पलीकडच्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा शाबूत असतं. सबटायटल शॉटसोबत सुरू होऊन शॉटसोबतच संपेल असं नाही. पात्र बोलण्याआधी क्षणभर थांबतं, बोलून झाल्यावर नुसतं पाहतं, तेव्हा पडदा कोरा असतो. एकामागोमाग येणाऱ्या दोन सबटायटल्समध्येही एक-दोन कोऱ्या फ्रेम सोडण्याची पद्धत आहे. चालत्या चित्रात त्या डोळ्याला दिसत नाहीत, फ्रेम एकेक करून पाहिल्या की सापडतात.

त्याआधी एक साधी खात्री करून घ्या. व्हीएलसीमध्ये चित्रपट लावून V हे बटण दाबा. अक्षरं गेली, तर ती वेगळ्या ट्रॅकवर होती आणि काम तिथेच संपलं. तशीच राहिली, तर ती चित्रात छापलेली आहेत.

आता एक उदाहरण पाहू. कृष्णधवल चित्रपट, वाड्याचं अंगण, तुळशीवृंदावनापाशी बसलेली स्त्री. कॅमेरा स्थिर. तिची मान वळते तो क्षण हवा आहे, आणि नेमकं तेव्हाच सबटायटल तिच्या पदरावर आणि फरशीवर आलेलं आहे. शॉट साधारण सहा सेकंदांचा. त्याच्या सगळ्या फ्रेम ffmpeg या मोफत प्रोग्रॅमने सुट्या करायच्या:

```
ffmpeg -ss 00:42:10 -i film.mp4 -t 6 frame_%03d.png
```

सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओतून 150 चित्रं मिळतात. ती PNG मध्येच ठेवायची, कारण JPEG मध्ये साठवली की अक्षरांभोवतीचा मळ आणखी वाढतो. समजा, सबटायटल 31व्या चित्रात उगवतं, 128व्यात नाहीसं होतं आणि आपल्याला हवं आहे 74वं. म्हणजे पहिली 30 आणि शेवटची 23 चित्रं कोरी आहेत. सबटायटल गेल्यानंतरची अगदी पहिली फ्रेम मात्र घेऊ नये. व्हिडिओत पुष्कळदा फक्त आधीच्या फ्रेमपेक्षा झालेला बदल साठवलेला असतो, त्यामुळे अक्षरांची पुसट सावली पुढच्या काही फ्रेममध्ये रेंगाळू शकते. चार-पाच फ्रेम सोडून पुढची घ्यावी.

गिम्पमध्ये 74वं चित्र उघडून त्याच्यावर File > Open as Layers ने 20वं चित्र ठेवायचं आणि वरच्या लेयरचा Mode तात्पुरता Difference करायचा. दोन चित्रं जिथे तंतोतंत जुळतात तिथे काळं दिसतं, फरक असेल तिथे उजळ. जुन्या फिल्मचं चित्र प्रोजेक्टरमध्ये किंचित थरथरतं, तीच थरथर प्रतीत उतरलेली असते. त्यामुळे फरशीच्या सांध्यांवर बारीक उजळ रेघा दिसतील. बाणांच्या बटणांनी वरचा लेयर एकेक पिक्सेल सरकवत त्या रेघा विझेपर्यंत जुळवायचं. सगळीकडे एकसारखा करडेपणा उरला, तर दोन फ्रेमच्या उजेडात फरक आहे. जुन्या फिल्ममध्ये हे नेहमीचंच. Curves ने वरचा लेयर जरासा उजळ किंवा गडद करायचा. ही पायरी टाळली, तर फरशीवर अक्षरांच्या आकाराचा फिका पट्टा राहतोच.

मग Mode परत Normal. वरच्या लेयरला काळा मास्क द्यायचा, म्हणजे तो पूर्ण झाकला जातो. मऊ कडेच्या ब्रशने मास्कवर पांढरा रंग फिरवला की तेवढ्याच जागी कोरी फ्रेम उघडी पडते. फुल एचडी चित्रात अक्षराच्या बाहेर चार-पाच पिक्सेल जास्तच उघडावं, म्हणजे भोवतीचा मळही जातो. फरशी आणि वृंदावनाचा कट्टा असा पूर्ण सुटतो. ते ठिपके खरे असतात, फिल्मची रवाळ पोतही त्यांच्यासोबत येते.

पदराचं तसं नाही, तो मधल्या काळात हललेला असतो. त्याच्यासाठी दुसरी फ्रेम शोधावी, कदाचित 135वी, जिथे पदर 74व्याच्या जवळपास त्याच घडीत आहे. एकाच फ्रेमने सगळी ओळ पुसायचा हट्ट धरू नये. शब्दागणिक वेगळी फ्रेम वापरली तरी चालते.

कॅमेरा आडवा सरकत असेल, तर घाबरण्याचं कारण नाही. अक्षरं पडद्यावर एका जागी असतात आणि चित्र त्यांच्याखालून पुढे जातं, म्हणून आत्ता झाकलेली भिंत थोड्या वेळाने अक्षराबाहेर येते. ती फ्रेम घेऊन लेयर तेवढा मागे सरकवायचा. फक्त कॅमेरा वेगात असेल, तर प्रत्येक फ्रेम वेगळी फरकटलेली असते आणि जोड लपत नाही.

एवढं करूनही काही तुकडे उरतात. इथे ब्रशची पाळी येते. आधी पदराचा काठ, दाराची चौकट अशा सरळ रेषा Clone ने जोडून घ्याव्यात आणि मगच मधला मोकळा भाग Heal ने भरावा. उलट केलं, तर Heal काठाचा गडद रंग मोकळ्या भागात ओढतो. भरलेला भाग गुळगुळीत दिसतो, म्हणून त्यावर थोडी Noise घालून भोवतीच्या रव्याशी जुळवावी. सरतेशेवटी Curves ने कॉन्ट्रास्ट मुद्दाम भडक करून पाहावं. पडद्यावर न दिसलेला डाग त्यात लगेच उठून दिसतो. तपासून झाल्यावर हा बदल रद्द करायचा.

अक्षरं चेहऱ्यावर किंवा हातांच्या बोटांवर असतील आणि एकही कोरी फ्रेम नसेल, तर तिथे रंगवत बसू नये. ते त्या नटाचं बोट राहत नाही, आपण काढलेलं बोट होतं. अशा वेळी खालचा भाग कापावा किंवा दुसरा क्षण निवडावा. आणि अक्षरं काढलेलं चित्र छापायला देताना ‘सबटायटल काढले आहे’ एवढी ओळ आणि मूळ फ्रेम संपादकांकडे जरूर पाठवावी.